पिंपळगाव, जळगाव: एका जन्मगावाचा पत्ता ठरवताना

एका चरित्रनोंदीतल्या जन्मगावाचा हा प्रकरण अभ्यास आहे. ज्यांची नोंद होती त्यांना इथे नुसतं ‘गुरुजी’ म्हटलं आहे. त्यांच्या घरच्यांची ओळख पटू नये म्हणून गावाचं उपपद, शेजारच्या गावांची नावं आणि शेवटची अंतरं बदलली किंवा झाकली आहेत. तालुके, जिल्हे, सरकारी याद्या आणि त्यांतले सांकेतांक मात्र खरे आहेत, कारण सगळा पेच त्यांच्यातूनच उभा राहिला.

पार्श्वभूमी

जुन्या शिक्षकांची एक चरित्रसूची तयार होत होती. प्रत्येक नोंदीत जन्मगाव, तालुका, जिल्हा, नकाशावरची खूण आणि ‘जवळचं शहर’ असे रकाने होते. गुरुजींच्या नोंदीसाठी हाताशी एकच कागद होता: भुसावळच्या एका हायस्कुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मठिकाणापुढे लिहिलं होतं, ‘पिंपळगाव, जळगाव’. गुरुजी १९३८ साली त्या शाळेत दाखल झाले होते.

ज्या कार्यकर्त्याने नोंद भरली, त्याने सरळ हिशेब केला. जळगाव म्हणजे जळगाव जिल्हा. जिल्ह्यातलं नावाजलेलं पिंपळगाव म्हणजे पाचोरा तालुक्यातलं पिंपळगाव हरेश्वर. तेव्हा तालुका पाचोरा, जवळचं शहर पाचोरा, आणि नकाशावर खूण तिथेच. गुरुजी लहानपणी बैलगाडीने रेल्वे स्टेशनावर येत, अशी एक आठवण घरच्यांनी सांगितली होती. पाचोरा मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे, त्यामुळे ती आठवणही जुळली आणि नोंद ‘तपासलेली’ म्हणून पुढे गेली.

गुरुजींच्या नातीने ती वाचली आणि कळवलं, “आजोबा पूर्णा नदीचं नाव घ्यायचे. पाचोऱ्याचं नाव मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही.” तिथून पुढचं काम माझ्याकडे आलं.

नेमकी अडचण

पिंपळगाव हे महाराष्ट्रात अतोनात वापरलं गेलेलं गावाचं नाव आहे. निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत सगळ्यांना ठाऊक असतं. खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा आहे, जळगाव जामोद तालुक्यात पिंपळगाव काळे, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई. ही झाली उपपद लागलेली ठळक गावं. त्यांच्या मागे नुसती पिंपळगावं, बुद्रुक-खुर्दच्या जोड्या आणि कागदोपत्री उरलेली बेचिराख पिंपळगावं असतात. शिवाय उपपद नेहमी लिहिलं जातंच असं नाही. गावातला माणूस आपल्या गावाला ‘पिंपळगाव’ एवढंच म्हणतो. उपपदाची गरज बाहेरच्याला पडते.

पण इथली खरी गोम पहिल्या शब्दात नव्हती, दुसऱ्या शब्दात होती. गावाच्या नावाबद्दल सगळेच सावध असतात. त्याच्या पुढचा ‘जळगाव’ मात्र पक्का आधार मानून आपण कामाला लागतो. तो आधारच दुहेरी होता. एक जळगाव खानदेशातलं. दुसरं बुलढाणा जिल्ह्यातलं, ज्याला पहिल्याशी गल्लत होऊ नये म्हणून जवळच्या जामोद गावाचं नाव जोडून आपण जळगाव जामोद म्हणतो. दोन्ही तालुक्याची ठिकाणं. पाचोरा आणि जळगाव जामोद यांच्यात सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहून जास्त अंतर आहे, म्हणजे खूण चुकली तर थोडीथोडकी चुकणार नव्हती.

नातीने सांगितलेल्या पूर्णेचाही लगेच निकाल लागत नव्हता. महाराष्ट्रात पूर्णा एकच नाही. एक वऱ्हाडातून वाहत येऊन चांगदेवजवळ तापीला मिळते, दुसरी मराठवाड्यात गोदावरीला. तापीची पूर्णा बुलढाणा जिल्ह्यातून वाहते, पण तिचा शेवटचा टप्पा जळगाव जिल्ह्यातच आहे. म्हणजे ‘पूर्णा’ या शब्दाने जळगाव जिल्हा बाद होत नव्हता. बाद होत होता तो पाचोरा तालुका, कारण तो गिरणेच्या खोऱ्यात येतो. तेही आठवण बरोबर आहे असं धरलं तर.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय होता नोंद तशीच ठेवून ‘कुटुंबीयांचं मत वेगळं’ अशी टीप जोडण्याचा. तो मी लगेच बाजूला ठेवला. नकाशावरच्या खुणेला टीप चिकटत नाही. कुणी ती खूण उचलून दुसरीकडे वापरली की टीप मागे राहते आणि चुकीचा बिंदू पुढे जातो.

दुसरा पर्याय माघारीचा होता: गाव ‘अनिश्चित’ लिहायचं, खूण काढून टाकायची, जवळचं शहर रिकामं ठेवायचं. हा प्रामाणिक पर्याय होता आणि शेवटी काहीच हाती लागलं नसतं तर तोच घेतला असता. तोवर मधल्या काळात तेच केलं. खूण काढली आणि ‘पडताळणी चालू’ असं लिहिलं. यावर संपादकांशी थोडी खडाखडी झाली. त्यांच्या मते रिकामा रकाना वाईट दिसतो. माझ्या मते चुकीचा भरलेला रकाना त्याहून वाईट, कारण तो पुन्हा कुणी तपासायला जात नाही.

तिसरा पर्याय फोन करून विचारण्याचा. दोन्हीकडच्या पिंपळगावांच्या ग्रामपंचायतींना ‘या आडनावाची जुनी मंडळी तुमच्याकडे होती का’ असं विचारता आलं असतं. पण गुरुजींचं आडनाव दोन्ही भागांत सर्रास आढळणारं होतं. दोन्हीकडून ‘हो’ आलं असतं आणि आपण ज्याला आधी फोन केला त्याचं खरं मानलं असतं. म्हणून ही चौकशी शेवटी करायची ठरवली, तीही आडनाव विचारून नाही, शेताबद्दल विचारून.

चौथा पर्याय कागदांचा. दाखल्याच्या मागचं मूळ रजिस्टर, घरात असलेली जमिनीची कागदपत्रं, आणि त्यांना जुळणारे सरकारी नकाशे. वेळ खाणारा, पण पुढच्या माणसाला तपासता येईल असा. तोच घेतला.

पहिला टप्पा: त्या काळी ‘जळगाव’ म्हणजे काय

गाव शोधण्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता: १९३८ साली कुणी ‘जळगाव’ लिहिलं, तर त्याला काय अभिप्रेत असू शकतं?

जळगाव नावाचा जिल्हा तेव्हा नव्हताच. खानदेशाचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि त्यातल्या पूर्व खानदेशाला जळगाव जिल्हा हे नाव महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६० साली मिळालं. म्हणजे १९३८ च्या कागदावर जिल्हा लिहायचा असता तर ‘पूर्व खानदेश’ आला असता. ‘जळगाव’ आलं असेल तर तो तालुका किंवा जवळचं गाव. पाचोरा हा तर स्वतंत्र तालुका, तेव्हा पिंपळगाव हरेश्वरच्या मुलापुढे कुणी ‘जळगाव’ लिहिण्याचं कारणच उरत नाही.

दुसऱ्या बाजूला जळगाव जामोदचा तालुका तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि त्याला नुसतं ‘जळगाव तालुका’ असंच म्हणत. याच तालुक्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता, नंतर बुलढाण्यात आला. गुरुजींच्या वडिलांच्या जन्माचा एखादा कागद सापडला असता आणि त्यावर ‘जि. अकोला’ असतं, तर तिसरंच पिंपळगाव शोधायला कुणी निघालं असतं.

या हिशेबाने पाचोरा बाद व्हायला हवा होता. पण इथे एक अडसर होता आणि तो नजरेतून सुटणं सहज शक्य होतं. हातातला दाखला मूळ नव्हता, दुय्यम प्रत होती. शाळेने ती १९६४ साली दिली होती. १९६४ साली जळगाव जिल्हा अस्तित्वात होता. रजिस्टरात ‘पिंपळगाव, पू. खा.’ असं असेल आणि प्रत उतरवणाऱ्या कारकुनाने त्याचं ‘जळगाव’ करून टाकलं असेल, तर वरचा सगळा युक्तिवाद कोसळतो. कागदात ज्या काळाबद्दल लिहिलंय तो काळ आणि कागद ज्या काळात लिहिला गेला तो काळ, यांतला फरक ठिकाणांच्या नावांत फार महागात पडतो.

दुसरा टप्पा: रजिस्टर

म्हणून शाळेला विनंती करून जनरल रजिस्टरातली मूळ ओळ पाहिली. तिथे ‘पिंपळगाव’ आणि त्याच्या पुढे, त्याच शाईत, त्याच हाताने ‘जळगाव’ असंच होतं. १९६४ च्या कारकुनाने काही बदललं नव्हतं. पाचोरा तिथेच संपला.

त्या ओळीत आणखी एक रकाना असतो: ‘मागील शाळा’. दाखल्याच्या प्रतीत तो उतरवलेला नव्हता, कारण प्रत मागणाऱ्यांना बहुधा जन्मतारीख हवी असते. रजिस्टरात मात्र तिथे नांदुऱ्याच्या शाळेचं नाव होतं.

नांदुरा भुसावळ–नागपूर मार्गावरचं स्टेशन. तिथून भुसावळला शिकायला येणं म्हणजे सरळ गाडीत बसणं. बैलगाडीने स्टेशनावर येण्याची आठवणही इथे जुळत होती, पण ती पाचोऱ्यालाही जुळली होती. जी गोष्ट दोन्हीकडे जुळते तिला पुरावा म्हणून किंमत शून्य, म्हणून तिची नोंद घेतली आणि बाजूला ठेवली. ‘मागील शाळा’ मात्र खानदेशातल्या जळगाव तालुक्यातल्या मुलाला सहजी लागू पडणारी नव्हती. त्याने घराजवळचं जळगाव शहर आणि वाटेतलं भुसावळ सोडून पूर्वेला नांदुऱ्यापर्यंत जाऊन शिकायचं आणि मग भुसावळला परत यायचं, हे पटण्यासारखं नव्हतं. अशक्य नव्हतं, कारण मुलं मामाकडे राहून शिकतच. म्हणून पारडं वऱ्हाडाकडे झुकलं एवढंच म्हणता येत होतं.

तिसरा टप्पा: खरेदीखताचं दुसरं पान

नातीने घरातली जुनी पेटी पाहिली तेव्हा १९४७ चं एक खरेदीखत निघालं. पहिलं पान, जिथे जिल्हा-तालुका तपशिलाने असतो, ते नव्हतं. उरलेल्या पानावर जमिनीची चतुःसीमा होती आणि त्याला टाचून शेतसाऱ्याची एक पावती.

आधी पावतीबद्दल. तिच्यावर सही पटवाऱ्याची होती. हा शब्द इथे फार कामाचा ठरला. मुंबई इलाख्यात, म्हणजे खानदेशात, गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे किंवा तलाठ्याकडे असे आणि तालुक्याला मामलेदार. वऱ्हाडात गावाला पटवारी आणि तालुक्याला तहसीलदार. गावाचं नाव दोन प्रांतांत सारखं असू शकतं, पण सही करणाऱ्याचा हुद्दा प्रांताप्रमाणे बदलतो. त्यामुळे जिल्हा न लिहिलेल्या कागदावरही कोणत्या कारभाराखालची जमीन आहे हे कळतं. ही जमीन वऱ्हाडातली होती.

पण जमीन वऱ्हाडातली म्हणून जन्मगाव वऱ्हाडातलं, हे म्हणायला अजून एक दुवा हवा होता. जमीन सासुरवाडीकडून आलेली असू शकते, लिलावात घेतलेली असू शकते. तो दुवा खतातच सापडला. लिहून घेणार म्हणून गुरुजींच्या वडिलांचं नाव होतं आणि त्यापुढे ‘राहणार मौजे मजकूर’. म्हणजे ज्या गावची जमीन, त्याच गावचे रहिवासी. त्या पानावर मौज्याचं नाव पुढे एकदा आलेलं होतं: मौजे पिंपळगाव.

आता जळगाव जामोद तालुका नक्की झाला. आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला, कारण त्या भागातही पिंपळगाव एक नव्हतं. पिंपळगाव काळे हे मोठं, सगळ्यांना माहीत असलेलं. दुसरं लहान, नकाशावर बोटभर जागेत मावणारं. सवयीने हात पुन्हा मोठ्या गावाकडेच जात होता. पहिल्या नोंदीतली चूक नेमकी अशाच सवयीतून झाली होती.

चतुःसीमेत बहुधा शेजारच्या शेतकऱ्यांची नावं किंवा सर्व्हे नंबर असतात. त्यांचा बाहेरच्या माणसाला उपयोग नाही. पण हे शेत गावाच्या अगदी कडेला होतं, म्हणून पूर्वेला ‘मौजे क ची शीव’ असं लिहिलं होतं आणि दक्षिणेला एका नावाच्या नाल्यापलीकडे ‘मौजे ख’. शेताचा सर्व्हे नंबरही होता. शेजारच्या गावाचं नाव हा अशा कामातला सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं. एकटं ‘क’ पुरत नाही, कारण तेही नाव आणखी कुठे असतंच. पण पिंपळगावच्या पूर्वेला क आणि दक्षिणेला ख, ही जोडी दुसरीकडे जशीच्या तशी मिळणं जवळजवळ अशक्य.

चौथा टप्पा: यादी आणि नकाशा

इथे काम दोन अंगांनी केलं. पहिलं, २०११ च्या जनगणनेच्या गावयादीतून उमेदवार वेगळे काढले. त्या यादीत महाराष्ट्राचा सांकेतांक २७, जळगाव जिल्ह्याचा ४९९ आणि बुलढाण्याचा ५००. प्रत्येक गावाला स्वतःचा सहा आकडी सांकेतांक असतो. एकाच तालुक्यात एका नावाची दोन गावं असली तरी सांकेतांक वेगळे असतात. म्हणून टिपणांत मी त्या क्षणापासून ‘पिंपळगाव’ लिहिणं थांबवलं आणि सांकेतांक लिहायला लागलो. नाहीतर फोनवर, चिठ्ठीत, फाइलच्या नावात कोणतं पिंपळगाव म्हणतोय ते आपल्यालाच कळेनासं होतं.

यादी शोधताना स्पेलिंगची एक छोटी अडचण येते. इंग्रजी याद्यांत हेच नाव `Pimpalgaon`, `Pimpalgoan`, `Pimpalgaon Bk.` अशा रूपांत सापडतं. म्हणून पूर्ण नाव न टाकता `Pimp` एवढंच टाकून निघालेल्या ओळी डोळ्यांनी वाचल्या. त्यात पिंपरी, पिंपळखुटा असा गाळही येतो, पण गाळ काढणं सोपं असतं. जी ओळ पडद्यावर आलीच नाही ती हरवलीय हे कळत नाही.

दुसरं अंग नकाशाचं. गावनकाशावर गावाच्या हद्दीबाहेर चारी बाजूंना लागून असलेल्या गावांची नावं लिहिलेली असतात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही उमेदवार उघडून पाहिले. मोठ्या पिंपळगावच्या पूर्वेला क नव्हतं. लहान पिंपळगावच्या पूर्वेला क होतं आणि दक्षिणेला ख. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे घेतले. हा मुलूख २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो आणि त्याच रेषेवर ५५ सी आणि ५५ डी या दोन नकाशांची सांधणी आहे. त्यामुळे गाव एका कागदावर आणि शेजारगाव दुसऱ्यावर, असं होऊ शकतं. दोन्ही कागद लावून पाहिल्यावर नाल्याचा प्रवाहही खतात म्हटलं होतं तसाच, दक्षिण हद्दीने जाताना दिसला.

सर्व्हे नंबर मात्र आजच्या नकाशात सरळ सापडला नाही. तिथे गट नंबर आहेत. इथे एका निवृत्त भूकरमापकांची मदत झाली. ते म्हणाले, “जुना नंबर नव्या नकाशात शोधू नका. एकत्रीकरणात सगळे नंबर फिरले. आधी जुन्या नंबराचा गट कोणता झाला ते भूमी अभिलेख कार्यालयातून काढा.” तसा गट काढला, तो पूर्व हद्दीला चिकटून निघाला, आणि त्यानंतरच गावातल्या एका जुन्या शेतकऱ्याला फोन केला. गुरुजींचं नाव न सांगता विचारलं, की क च्या शिवेला लागून असलेलं ते शेत पूर्वी कुणाचं होतं. त्यांनी गुरुजींच्या घराण्याचं नाव आपणहून घेतलं.

जवळचं शहर कोणतं

गाव ठरलं की जवळचं शहर आपोआप ठरतं असं वाटतं. इथे तसं झालं नाही.

पहिला प्रश्न, शहर कशाला म्हणायचं. बाजाराचं मोठं गाव म्हणजे शहर नव्हे. जनगणनेत नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ असलेली ठिकाणं शहरं मानतात. शिवाय लोकसंख्या किमान ५,०००, पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, या तिन्ही अटींत बसणारी गावंही ‘जनगणना शहर’ ठरतात. आम्ही सूचीसाठी पहिलाच निकष घेतला, म्हणजे नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेलं ठिकाण. त्यामुळे उमेदवार दोन राहिले: जळगाव जामोद आणि नांदुरा.

दुसरा प्रश्न अंतराचा. नकाशावर पट्टी लावली तर नांदुरा सुमारे ११ किलोमीटर आणि जळगाव जामोद १३. म्हणजे नांदुरा जवळ. पण मध्ये पूर्णा आहे. गाव तिच्या उत्तरेला, नांदुरा दक्षिणेला. रस्त्याने पुलाकडे वळसा घालून नांदुरा १९ किलोमीटर होतं आणि जळगाव जामोद १५. म्हणजे जळगाव जामोद जवळ. संगणकावर दोन बिंदूंमधलं अंतर काढून ‘जवळचं शहर’ भरणाऱ्या याद्या नदीकाठच्या गावांना हमखास असं पलीकडचं शहर देतात. ओळखायची खूण सोपी आहे: सरळ अंतर आणि रस्त्याचं अंतर यांत दीडपटीहून जास्त फरक दिसला, की मध्ये नदी, घाट किंवा धरण आहे का ते पाहावं.

सूचीच्या एका सदस्याचं म्हणणं होतं की १९३० च्या दशकात गुरुजींच्या घराचा सगळा राबता नांदुऱ्याशी होता, शाळाही तिथलीच, तेव्हा नांदुरा लिहावं. मुद्दा चुकीचा नव्हता. पण रकाना ‘जवळचं शहर’ असा होता. तो आजच्या वाचकाला नकाशावर गाव सापडावं म्हणून होता. त्या काळचं नांदुऱ्याशी असलेलं नातं चरित्राच्या मजकुरात लिहिलं, आणि रकान्यात रस्त्याने जवळचं जळगाव जामोद. सोबत अंतर आणि ‘रस्त्याने’ हा शब्द.

खूण कुठे ठेवायची यावरही थोडा विचार झाला. अनेक याद्यांतला बिंदू गावाच्या सगळ्या शिवाराचा मध्य काढून दिलेला असतो. या गावाचं शिवार लांबट, त्यामुळे तो बिंदू एका शेतात पडत होता, घरांपासून बराच लांब. खूण गावठाणावर हलवली.

निष्पत्ती

अंतिम नोंदीत गावाचं नाव उपपदासह, २०११ चा सांकेतांक, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, आणि त्यापुढे ‘१९३८ साली: जळगाव तालुका, बुलढाणा जिल्हा, मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं लिहिलं. आधार म्हणून रजिस्टरातली ओळ, खरेदीखताची चतुःसीमा आणि गावनकाशा यांचा उल्लेख ठेवला. पिंपळगाव हरेश्वरची जुनी खूण नुसती पुसली नाही. ‘हे ते गाव नव्हे’ अशी ओळ नोंदीत मुद्दाम घातली, कारण जुन्या नोंदीची नक्कल तोवर आणखी दोन ठिकाणी गेली होती. त्यातल्या एका ठिकाणी दुरुस्ती झाली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

‘मागील शाळा’ हा रकाना पहिल्याच विनंतीत मागायला हवा होता. शाळेकडे दोनदा जाण्याऐवजी रजिस्टरातली पूर्ण ओळ, शेऱ्यासकट, एकदाच मागितली असती तर पहिल्या आठवड्यातच रोख वऱ्हाडाकडे गेला असता. दाखल्याची प्रत म्हणजे त्या ओळीचा निवडक उतारा असतो, आणि निवड करणाऱ्याला आपला प्रश्न माहीत नसतो.

टपालाचा माग आम्ही काढला नाही. नातीकडे काही जुनी पोस्टकार्डं होती, पण ती गुरुजींनी नोकरीच्या गावाहून पाठवलेली, म्हणून बाजूला ठेवली. ती गावी पोहोचलेली होती, म्हणजे त्यांवर पोहोचत्या टपाल कचेरीचा शिक्का असायची शक्यता होती. आजचा पत्ता असता तर पिनकोडनेच काम झालं असतं, कारण जळगाव जामोद भागाचे पिन ४४३ ने सुरू होतात आणि जळगाव जिल्ह्याचे ४२४ किंवा ४२५ ने. पण पिनकोड १९७२ साली आला, त्याआधीच्या कार्डांवर शिक्का हाच काय तो धागा. त्यातही एक मर्यादा आहे: शिक्का टपाल कचेरीच्या गावाचा असतो, पत्त्यातल्या गावाचा नाही, आणि लहान पिंपळगावचं टपाल मोठ्या पिंपळगावहून वाटलं जात असेल तर त्याच शिक्क्याने दिशाभूल केली असती.

सूचीच्या अर्जात आता ‘जिल्हा’ या एका रकान्याऐवजी दोन रकाने आहेत: कागदावर जसं लिहिलंय तसं, आणि आजचं. पहिल्या रकान्यात कुणी ‘जि.’ किंवा ‘ता.’ आपल्या मनाने जोडायचं नाही. गुरुजींच्या नोंदीत तिथे अजूनही ‘पिंपळगाव, जळगाव’ एवढंच आहे.